युडॉक्सस : मोसमी वाऱ्यावरचा व्यापारी

युडॉक्सस (इ.स.पू. दुसरे शतक). सिझिकस या ग्रीक शहरातला दर्यावर्दी. इजिप्तहून भारतात दोनदा जाऊन आल्याची त्याची हकीकत ग्रीक तत्त्वज्ञ पॉसिडोनियसने सांगितली. भूगोलकार स्ट्रॅबोने ती नोंदवली, पण तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तपशील रंगवलेले असतीलही. वाऱ्याची बाजू मात्र त्यात खरी उतरली आहे.

इ.स.पू. ११८ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या पहारेकऱ्यांना एका जहाजात एकटाच, अर्धमेला भारतीय खलाशी सापडला. वाट चुकून त्याचे सोबती उपासमारीने मेले होते. ग्रीक भाषा शिकल्यावर त्याने भारताची वाट दाखवायचे कबूल केले आणि इजिप्तच्या टॉलेमी राजाने पाठवलेल्या मोहिमेत युडॉक्सस गेला. येताना त्याने सुगंधी द्रव्ये आणि रत्ने आणली. राजाने तो सगळा माल स्वतःकडे ठेवून घेतला.

या वाटेचे वेळापत्रक पुढच्या दोनेक शतकांतल्या ग्रीक-रोमन लेखनातून नीट कळते. जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत. तांबड्या समुद्रात उत्तरेचा वारा त्यांना दक्षिणेकडे नेई, एडनच्या आखाताबाहेर नैऋत्य वारा शिडात भरे. रोमन लेखक प्लिनीच्या मते तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या ओकेलिस बंदराहून केरळातले मुझिरिस ४० दिवसांवर होते. इतक्या उशिरा निघण्यामागे हिशोब होता. जून-जुलैत हाच वारा आपल्या किनाऱ्यावर थेट आदळतो. बंदराच्या तोंडाशी आलेले जहाज तो खडकावर नेऊन घालू शकतो. सप्टेंबरात पोचले की त्याचा जोर ओसरलेला असतो. कोकणातले कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात, तेही याच कारणाने.

परतीसाठी ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. डिसेंबर-जानेवारीत नांगर उचलत. हा वारा सौम्य असतो, पण धोका दुसऱ्या टोकाला असतो. आफ्रिकेच्या शिंगाजवळ जहाज वेळेवर एडनच्या आखातात वळले नाही, तर तोच वारा त्याला सोमाली किनाऱ्याने दक्षिणेकडे ढकलतो. मग वारा फिरेपर्यंत मागे येणे फार अवघड.

दुसऱ्या खेपेला, राणी क्लिओपात्रा तिसरी हिच्या कारकिर्दीत, परतताना युडॉक्ससचे बहुधा हेच झाले. वाऱ्याने त्याला इथिओपियाच्या दक्षिणेला नेऊन टाकले. तिथल्या लोकांना त्याने भाकरी, दारू आणि सुके अंजीर दिले. मोबदल्यात पाणी आणि वाटाडे मिळवले. त्यांचे काही शब्दही टिपून ठेवले. तिथेच त्याला एका फुटक्या जहाजाचा घोडा कोरलेला लाकडी अग्रभाग मिळाला. तो गाडेसच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या काडिझच्या जहाजाचा असल्याचे त्याला पुढे कळले.

या खेपेचा मालही जप्त झाला. तेव्हा त्याने गाडेसहून आफ्रिकेला वळसा घालून भारत गाठायचा घाट घातला. त्या वाटेवर पुढे त्याचे काय झाले, हे पॉसिडोनियसलाही ठाऊक नव्हते.