डिटॉक्स चहा

'डिटॉक्स', 'स्लिमिंग' किंवा 'कोलन क्लीन्स' चहा या नावाने जी पाकिटे विकली जातात, त्यांत बहुतेक वेळा चहाच्या झाडाचे पान मुख्य नसते. ती वाळलेल्या पाना-मुळांची, गरम पाण्यात भिजवून प्यायची मिश्रणे असतात. तुळस, आले, बडीशेप अशी घरगुती मिश्रणे त्यांतच मोडतात आणि त्यांबद्दल विशेष काही सांगण्यासारखे नाही. मात्र पाकिटावर 'रात्री झोपण्यापूर्वी एक कप' अशी सूचना असेल, तर आत सोनामुखी आहे का ते आधी पाहावे. ही नोंद मुख्यतः त्या एका पानाविषयी आहे.

सोनामुखी हे आपल्याकडचे जुने रेचक. तामिळनाडूतील तिरुनेलवेली परिसरातली सोनामुखी जगभर जाते. पाकिटावर ती सनाय, स्वर्णपत्री, सेन्ना किंवा कॅसिया अँगुस्टिफोलिया अशा नावांनीही असते, त्यामुळे 'सोनामुखी' हा शब्द दिसला नाही म्हणून ती नाही असे समजू नये. पानातली सेनोसाइड्स ही द्रव्ये लहान आतड्यातून जवळजवळ तशीच पुढे जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि मगच त्यांचा प्रभाव सुरू होतो: आतड्याची हालचाल वाढते आणि मळातले पाणी शोषले जात नाही. याला सहा ते बारा तास लागतात. रात्रीचा कप आणि सकाळची धावपळ यांचा मेळ असा बसतो.

आता पाकिटावरचे दावे. 'वजन कमी करतो' हा दावा वजनकाट्यावर खराही दिसतो. समजा, एका बाईंनी रात्री दहा वाजता कप घेतला, पहाटे पोटात मुरडा आला, तीन-चार वेळा जुलाब झाले आणि सकाळी वजन एक किलोने कमी भरले. पण अन्नातले उष्मांक लहान आतड्यातच शोषले गेलेले असतात, औषध लागू पडते ते त्यापुढे. म्हणजे गेले ते पाणी आणि मळ, चरबी नव्हे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. दोन दिवस नीट खाल्ले-प्यायले की काटा परत जागेवर येतो. मग त्या बाई चहा बंद करतात. मोठे आतडे रिकामे झालेले असल्याने ते पुन्हा भरेपर्यंत दोन-तीन दिवस शौचाला होत नाही. त्यांना वाटते, चहाशिवाय पोट साफच होत नाही, आणि त्या दोन पिशव्या घालू लागतात. नेहमीची सवय लागते ती अशी.

'शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर टाकतो' या दाव्यात कोणते द्रव्य, हे जवळजवळ कधीच सांगितलेले नसते. प्रथिनांच्या पचनातून तयार होणाऱ्या अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो लघवीतून काढतात. रेचकाने या कामाला मदत होत नाही. सोनामुखीने लघवी पिवळसर-तपकिरी किंवा लालसर होऊ शकते. तो पानातल्या द्रव्यांचा रंग आहे, घाण निघाल्याची खूण नव्हे.

'नैसर्गिक' या शब्दाने मात्रा कळत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. गोळीत सेनोसाइड्स मिलिग्रॅममध्ये मोजलेली असतात. चहात पिशवी पाच मिनिटे ठेवली की पंधरा, यावर कपात किती उतरेल ते ठरते. बद्धकोष्ठावर सोनामुखी उपयोगी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती मोजून, थोडे दिवस घ्यायची गोष्ट आहे. वैद्यकीय सल्ल्याशिवाय एक-दोन आठवड्यांपलीकडे नेऊ नये.

जास्त दिवस घेतल्यास पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते. पायात गोळे येणे, गळून गेल्यासारखे वाटणे, छातीत धडधडणे ही त्याची लक्षणे. म्हणून हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी हा चहा टाळावा. मिश्रणात ज्येष्ठमधही असेल, तर धोका वाढतो, कारण जास्त ज्येष्ठमधानेही पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. गर्भवतींनी, बारा वर्षांखालील मुलांनी, आतड्याला सूज असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो घेऊ नये. पोटात दुखते आहे पण कारण कळलेले नाही, अशा वेळीही नको; अपेंडिक्स सुजलेले असेल तर रेचक घातक ठरू शकते. गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत जोराचे जुलाब झाले, तर ती गोळी पुरती अंगी लागलेली नसण्याची शक्यता असते.

खाण्यावरून स्वतःला शिक्षा करण्याची सवय जडलेल्या मुलामुलींच्या हाती हा चहा विशेष वाईट, कारण जुलाबानंतरचा हलकेपणा त्यांना यशासारखा वाटतो. घरात अशी पाकिटे भराभर संपताना दिसली, तर रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे आणि पाकीटही बरोबर ठेवावे: घटकांची यादी वाचल्यावर पोटॅशियमची तपासणी लगेच करायची का, हे त्यांना ठरवता येते.