लायसन्स हरवलं, चोरीला गेलं की तुटलं? डुप्लिकेट काढायला येण्याआधी हे वाचा

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात, ‘एफआयआर करावी लागेल का?’ त्याचं उत्तर लायसन्सचं नेमकं काय झालं यावर अवलंबून असतं.

पाकीट कुठे पडलं ते कळलंच नाही, तर तो गुन्हा नाही. त्यासाठी पोलिसांकडे वस्तू गहाळ झाल्याची नोंद पुरते. मुंबई, पुण्यासह अनेक ठिकाणी ती पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते आणि नोंद क्रमांक असलेली प्रत लगेच हातात येते. खिसा कापला किंवा डिकी फोडून पाकीट नेलं, तर मात्र ठाण्यात जाऊन चोरीचीच तक्रार द्या. त्रास नको म्हणून चोरीला ‘हरवलं’ म्हणू नका. उद्या तुमच्या कार्डाचा कोणी गैरवापर केला, तर हाच कागद तुमच्या बाजूने बोलेल. कार्ड तुटलं असेल किंवा त्यावरची अक्षरं उडाली असतील, तर पोलिसांची गरज नाही. पण तुकडे टाकून देऊ नका, ते आरटीओत जमा करावे लागतात.

पोलिसांच्या नोंदीत ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ हे शब्द आणि पूर्ण क्रमांक आलाच पाहिजे. ‘पाकीट व कागदपत्रे गहाळ’ एवढंच लिहिलेली नोंद घेऊन आलेल्यांना आम्हाला परत पाठवावं लागतं.

आणि क्रमांकावरच खरं घोडं अडतं. जुनी झेरॉक्स, डिजिलॉकर, मोबाइलमधला एखादा फोटो, नोकरीच्या ठिकाणी दिलेली प्रत, सगळीकडे शोधा. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ भिजून लगदा झालेलं पुस्तकी लायसन्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आले. पानं एकमेकांना चिकटलेली, पण पहिल्या पानावर शिक्क्याखाली वर्ष 2004 आणि 837 हा आकडा वाचता येत होता. लायसन्स पुण्याचं, म्हणजे MH12. आजच्या पद्धतीत वर्षानंतरचा क्रमांक सात अंकी लागतो, म्हणून पुढे चार शून्यं घालून 0000837 असं भरलं. तरीही माहिती सापडली नाही, कारण ती जुन्या रजिस्टरमधून संगणकावर चढलीच नव्हती. अशा वेळी ज्या आरटीओने लायसन्स दिलं तिथेच ‘बॅकलॉग एंट्री’साठी अर्ज करावा लागतो. ती झाल्याशिवाय डुप्लिकेटचा अर्ज पुढे सरकत नाही. पुस्तकी लायसन्स असेल तर हे आधीच तपासून घ्या.

क्रमांक सापडला की sarathi.parivahan.gov.in वर राज्य निवडून अर्ज भरायचा. आधारला जोडलेला मोबाइल जवळ असेल, तर ओटीपीने ओळख पटते, फोटो आधारवरचाच येतो आणि बहुतेकांना आरटीओत जावं लागत नाही. आधार आणि लायसन्सवरच्या नावात फरक असेल, तर हा मार्ग अडतो, म्हणून दोन्ही नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधार नको असेल तर फोटो आणि सही 10 ते 20 केबीच्या जेपीजी फाइलमध्ये लागतात. कागदी फोटोचा मोबाइलने पुन्हा काढलेला फोटो व्हॉट्सअपवर पाठवू नका. त्यावर चमक येते, चेहरा धूसर होतो आणि अर्ज परत येतो. पांढऱ्या भिंतीपुढे, चष्मा काढून, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो चालतो.

सरकारी शुल्क काही शे रुपयांचं असतं आणि नेमकी रक्कम पैसे भरण्याआधी पडद्यावर दिसते. त्याची पावती तुमच्या नावाने निघते, ती आम्ही तुम्हालाच देतो. आमची फी वेगळी, तिची पावतीही वेगळी. खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, असं झालं तर घाईने दुसऱ्यांदा भरू नका. आधी Verify Pay Status मध्ये अर्ज क्रमांक टाकून बघा, बरेचदा तिथेच पैसे जमा झालेले दिसतात.

डुप्लिकेटवर मुदत जुनीच राहते, वाढत नाही. मुदत वर्षभराच्या आत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्जही सोबतच करा, म्हणजे दोनदा कार्ड काढावं लागणार नाही. चाळीशी ओलांडलेल्यांना त्यासाठी नमुना 1-ए मधलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पत्ता बदलला असेल तर तेही याच वेळी सांगा. कार्ड टपालाने नोंदीतल्या पत्त्यावर जातं, आणि घर सोडून गेलेल्या माणसाचं कार्ड पोस्टमन परत नेतो.

कार्ड येईपर्यंत गाडी चालवायची असेल, तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधलं लायसन्स कायद्याने ग्राह्य आहे. मात्र पोलिसांनी विचारल्यावर ते अ‍ॅप उघडूनच दाखवा, स्क्रीनशॉट नको. डुप्लिकेट आल्यावर जुनं कार्ड कपाटात सापडलं तर ते वापरू नका, आरटीओत जमा करा.