तो सहा आकडी कोड दुसऱ्याचा असूच शकत नाही

"माझा मोबाईल हॅक झाला आहे, माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका." पारोळा, अमळनेर, धुळ्याकडच्या ग्रुपवर असं स्टेटस कोणाचं ना कोणाचं दिसतंच. मग सल्ले सुरू होतात, मोबाईल फॉरमॅट मार, सिम बदल, गुड मॉर्निंगचे फोटो उघडू नको त्यातून व्हायरस येतो. यातल्या बहुतेक वेळा मोबाईलला काहीच झालेलं नसतं. चोरी मोबाईलमध्ये नाही, व्हॉट्सअॅपच्या सर्व्हरवर झालेली असते, आणि ती कशी होते हे एकदा नीट कळलं की फसवणं फार अवघड होतं.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त सरांचं उदाहरण घेऊ. पारोळा तालुक्यातलं गाव, सर गावकीच्या, कापसाच्या भावाच्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या अशा बऱ्याच ग्रुपमध्ये. संध्याकाळी पुतण्याच्या नंबरवरून मेसेज आला, "काका माझा ६ अंकी कोड चुकून तुमच्या नंबरवर गेला आहे, लवकर पाठवा". खरंच एसएमएस आलेला होता, `Your WhatsApp code: 482-913` अशा धाटणीचा, खाली हा कोड कोणाला देऊ नका असंही इंग्रजीत लिहिलेलं. पुतण्याच मागतोय म्हणून सरांनी पाठवला. थोड्याच वेळात त्यांच्या मोबाईलवरचं व्हॉट्सअॅप बंद, हा नंबर आता या फोनवर नाही असं सांगायला लागलं.

आता पडद्यामागे काय झालं ते बघा, सगळा खेळ इथेच आहे. चोराने दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअॅप टाकलं आणि नंबर विचारल्यावर सरांचा नंबर लिहिला. कोणाचाही नंबर लिहिता येतो, त्याला काही लागत नाही. सर्व्हरला खात्री करायची असते की लिहिणाऱ्याकडे त्या नंबरचं सिम आहे का, म्हणून सर्व्हर एक सहा आकडी संख्या तयार करतो, ती सरांच्या नंबरासमोर नोंदवून ठेवतो आणि एसएमएसने सरांच्याच सिमवर पाठवतो. जो कोणी ती संख्या परत टाईप करेल त्याच्याकडे सिम आहे असं तो धरून चालतो. टाईप करणारा पारोळ्यात बसलाय की आणखी कुठे, हे सर्व्हरला त्या सहा आकड्यांवरून कळत नाही. आकडे जुळले की नंबर नव्या फोनवर जातो आणि जुना फोन आपोआप बाहेर पडतो, कारण एका नंबरचा मुख्य फोन एकच असतो.

म्हणून "चुकून आला" हे खोटंच असतं, आणि ते तपासायला पुतण्याला ओळखायचीही गरज नाही. समजा पुतण्याने खरंच स्वतःचा नंबर लिहिताना एक आकडा चुकवला आणि तो सरांचा नंबर निघाला. तरी तो कोड सरांच्याच नंबरासमोर नोंदवलेला आहे, त्याने उघडलं तर सरांचंच खातं उघडेल, पुतण्याचं नाही. म्हणजे खऱ्या पुतण्याला त्या कोडचा काडीचा उपयोग नाही. तुमच्या सिमवर आलेला व्हॉट्सअॅपचा कोड फक्त तुमचं खातं उघडतो, मागणारा भाऊ असो की मॅनेजर.

चोर अंदाजाने का टाकत नाही? सहा आकड्यांच्या १० लाख जोड्या होतात आणि थोडे प्रयत्न चुकले की सर्व्हर थांबायला लावतो. पाच वेळा संधी मिळाली धरली तरी लागण्याची शक्यता २ लाखात एक. तुम्हाला विचारणं त्याच्यासाठी खूपच स्वस्त पडतं.

लोक भोळे म्हणून देतात असं मला वाटत नाही. गॅस सिलिंडर घरी आलं की डिलिव्हरीवाला कोड मागतो आणि तो द्यायचाच असतो, त्यामुळे कोड सांगायची सवय आपल्याला लागलेली आहे. फरक एवढाच की तिथे बुकिंग तुम्ही केलेलं असतं आणि सिलिंडर दारात उभं असतं. तुम्ही काहीच केलेलं नसताना आलेला कोड म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तुमचा नंबर कुठेतरी टाकलाय.

सरांच्या जुन्या गप्पा चोराला मिळाल्या का? नाही. त्या सरांच्या फोनमध्ये आणि गुगल खात्यातल्या बॅकअपमध्ये असतात, कोडने ते उघडत नाही. पण ग्रुपची यादी सर्व्हरवर असते, त्यामुळे नव्या फोनवर सगळे ग्रुप आणि त्यातले नंबर त्याला दिसायला लागले. पुतण्याचं खातंही आधी असंच गेलेलं होतं, आणि तिथूनच चोराला सरांचा नंबर लागला. आणि म्हणूनच त्याचे मेसेज मोघम असतात, काल काय बोलणं झालं ते त्याला माहीतच नसतं. सरांच्या नावाने "दवाखान्यात आहे, २० हजार पाठवा, उद्या देतो" असं फिरलं तेव्हा धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने उलट "काय करी ऱ्हायना सर" असं अहिराणीत विचारलं. समोरून हिंदीत "जल्दी भेजो" आलं. त्याने लगेच साधा फोन लावला. साधा फोन सिमवर जातो, आणि सिम सरांच्या खिशातच होतं. आणखी एक खूण, `Security notifications` चालू ठेवलं असेल तर समोरच्याचा सुरक्षा कोड बदलल्याची ओळ चॅटमध्ये येते. नवा फोन घेतला तरी ती येते, पण ती ओळ आणि लगेच पैशाची मागणी एकत्र आली तर फोन लावाच.

खातं परत घ्यायला तीच पद्धत उलटी वापरायची. सरांनी आपल्या फोनवर व्हॉट्सअॅप उघडून स्वतःचा नंबर टाकला, नवा कोड सिमवर आला, तो टाकला, त्या क्षणी चोर बाहेर. फार वेळा कोड मागवला गेला असेल तर पडद्यावर थांबायची वेळ दिसते, तेवढं थांबायचं, पुन्हा पुन्हा दाबू नका.

इथे बरेच जण घाबरतात, कारण चोराने आत शिरल्यावर टू-स्टेप पिन लावून ठेवलेला असतो आणि तो तुम्हाला माहीत नसतो. मग त्या पिनशिवाय आत जायला ७ दिवस थांबावं लागतं. पण तुम्ही एसएमएसचा कोड टाकला तेव्हाच चोर बाहेर गेलेला असतो, पिन माहीत असो नसो. त्या ७ दिवसांत तुमचं खातं बंद आहे, चोराच्या हातात नाही. याच काळात "पैसे द्या, आजच काढून देतो" म्हणणारे हॅकर भेटतात. ही ७ दिवसांची वाट त्यांना कमी करता येत नाही, त्यांना एक रुपया देऊ नका आणि नवा कोड तर अजिबात नाही.

परत आत गेलात की आधी `Linked devices` बघा, अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आऊट करा. मग `Settings` मधल्या `Account` खाली `Two-step verification` ला स्वतःचा पिन आणि स्वतःचा ईमेल टाका. म्हणजे पुढे कोणाला एसएमएसचा कोड मिळाला तरी तो पिनपाशी अडकतो, फक्त तो पिनही कोणाला सांगायचा नाही. आणि ग्रुपमध्ये कोणी पैसे पाठवून बसलं असेल तर त्याने तुमच्या परत येण्याची वाट बघू नये, लगेच १९३० ला फोन करून `cybercrime.gov.in` वर तक्रार टाकावी, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेने अडवले तरच परत मिळायची आशा असते.