शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच चिंचोके देता येतात का?

नागपुरात कोणाच्याही घरी जा, घरात केजीतलं पोट्टं असलं की पाहुण्यांसमोर एक कार्यक्रम होतोच. "काकाला वन टू हंड्रेड म्हणून दाखव बेटा." आणि ते बिचारं एका दमात म्हणून दाखवतं, मधात कुठंतरी तीसचे साठ होतात पण सगळे टाळ्या वाजवतात, आणि आई-बाबांना वाटतं की चला, गणिताचं टेन्शन गेलं. मला मुलांच्या या वयाबद्दल वाचायचा नाद आहे म्हणून सांगतो, आकडे म्हणता येणं आणि संख्या कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींमधे बऱ्याच मुलांचं वर्ष-दीड वर्ष जातं.

हे घरी करून पाहता येतं. ताटलीत 15 चिंचोके ठेवा (मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर चिंचोके नको, तोंडात-नाकात घालतात, मोठे ठोकळे घ्या) आणि मुलाला म्हणा, मला एक दे. दिला की म्हणा दोन दे. मग तीन. चुकलं की एक पायरी खाली या, बरोबर आलं की एक पायरी वर जा. एकेक आकडा तीनदा तरी विचारायचा, तीनातून दोनदा बरोबर आला तर तो आकडा त्याला येतो असं धरायचं. कॅरन विन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 आणि 1992 मधे अशाच प्रयोगांवर लेख लिहिले आणि त्यानंतर जगभर या विषयावर काम करणारे लोक हीच पद्धत वापरून राहिले.

आमच्या शेजारच्या काकूंची नात केजी वनला जाते, वीसपर्यंत खणखणीत म्हणते. तिला मी दोन मागितले, तिने दोन दिले. तीन मागितले, तीन दिले, तेही न मोजता. मग म्हटलं पाच दे. तिने मूठ भरली आणि माझ्या हातावर ओतली. मी म्हटलं, पाच आहेत का, मोजून पाह्य बरं. तिने एकेकावर बोट ठेवून अगदी नीट मोजले, एक, दोन, तीन, असं करत आठ. "मग हे पाच आहेत का?" ती म्हणे, "हो." काकू बाजूला बसल्या होत्या, त्यांना आश्चर्य वाटलं, कारण मोजण्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. एकही चिंचोका सुटला नाही की दोनदा मोजला गेला नाही. पण मोजताना शेवटी जो आकडा येतो तोच त्या अख्ख्या ढिगाचा आकडा असतो, ही गोष्ट तिला अजून सापडायची होती.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मुलं ही गोष्ट एकदम शिकत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांनी शिकतात. आधी फक्त "एक" चा अर्थ कळतो, बाकी सगळे आकडे म्हणजे नुसते "पुष्कळ". मग काही महिन्यांनी "दोन" कळतो, मग आणखी काही महिन्यांनी "तीन", कधी "चार" पण. आणि त्यानंतर मात्र पाच, सहा, सात असं एकेक करत बसावं लागत नाही, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास मूल अचानक मोजता येतील तेवढे सगळेच बरोबर द्यायला लागतं. असं का? कारण तीन-चार वस्तूंपर्यंत आपला मेंदू मोजतच नाही, पाहिल्याबरोबर ओळखतो. मोठ्या माणसांचं पण तसंच आहे, ताटलीत तीन बोरं असली तर आपण मोजत नाही, सात असली की मनात मोजावं लागतं. म्हणजे एक-दोन-तीनचा अर्थ नजरेतून मिळू शकतो, पण पाच नजरेत मावत नाही, तिथे मोजणंच कामाला येतं. मूल बहुतेक या लहान आकड्यांमधेच ताडतं की नजरेला तीन दिसतात आणि मोजलं तरी "तीन" वरच थांबतं, आणि मग तोच नियम पुढच्या आकड्यांना लावतं. बहुतेक म्हणतो कारण ही उडी नेमकी कशी लागते यावर संशोधकांचा वाद अजून चालू आहे.

"किती आहेत?" विचारून मात्र फसायला होतं. मोजून झाल्यावर कोणी किती म्हटलं की शेवटचा शब्द परत म्हणायचा, हे मुलं नुसतं सवयीने शिकू शकतात. म्हणून "किती" विचारण्यापेक्षा "इतके दे" म्हणणं ही खरी परीक्षा आहे.

मग काय करायचं? 2012 चा एक प्रयोग आहे, केली मिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर केलेला. चित्र दाखवून आधी पूर्ण संख्या सांगायची आणि लगेच मोजायचं, "पाह्य, चार संत्री! एक, दोन, तीन, चार." नुसतं मोजून दाखवलं किंवा नुसती संख्या सांगितली तर फारसा फरक पडला नाही, दोन्ही लागोपाठ केलं तर पडला. कॉटन मार्केटातून संत्री आणली की पिशवी रिकामी करताना हे होऊन जातं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. फक्त मूल ज्या पायरीवर आहे त्याच्या पुढच्याच आकड्यावर जोर द्या, "दोन" वरच्या मुलाला तीन आणि चार दाखवा, दहाची घाई नको.

गाण्यांचं सांगायचं तर सुरुवातीला एकदोनतीनचार हे मुलासाठी एकच सलग मंत्र असतो, मधूनच तोडता येत नाही, चारच्या पुढे काय विचारलं तर परत एकपासून म्हणतं. गाणं तो क्रम पक्का करतं आणि तेही लागतंच. पण वस्तू समोर ठेवून उलटं गा. टोपलीत पाच संत्री, एक दिलं आजीला, टोपलीत राहिली किती? खरंच एक उचलायचं आणि गाणं तिथेच थांबवायचं, मुलाने टोपलीत पाहून आकडा सांगितला की पुढचं कडवं.

तुलनेच्या खेळात आणखी एक मजा आहे. एकीकडे तीन संत्री आणि दुसरीकडे पाच चिंचोके ठेवून विचारा, कुठे जास्त आहेत? पुष्कळ मुलं संत्र्यांकडे बोट दाखवतात, कारण ती जागा जास्त खातात. तिथे "चूक" म्हणू नका, प्रत्येक संत्र्यासमोर एकेक चिंचोका लावायला सांगा, दोन चिंचोके उरले की त्याला स्वतःलाच दिसतं. सुरुवात पाच आणि दहा अशा मोठ्या फरकाने करायची, नऊ आणि दहातला फरक नजरेला कळतच नाही.

आणि हे सगळं नीट होईस्तोवर केजीच्या मुलाला अबॅकसच्या क्लासला टाकून काय होणार? मण्यांच्या हालचाली पाठ होतील. डोळ्यांवर पट्टी बांधूनही मूल वाचू शकेल असं सांगणाऱ्या त्या मिडब्रेन क्लासवाल्यांचं तर बोलूच नका, पट्टीखालच्या फटीतून वाचणाऱ्या पोट्ट्यांना चमत्कार म्हणून दाखवायचं आणि त्यासाठी आईबापांकडून हजारो रुपये घ्यायचे, याचा मला मनापासून राग येतो.

मागितले तितके चिंचोके यायला लागले तरी एक प्रश्न नंतर विचारून पाहाच. डब्यात पाच चिंचोके मोजून टाका, झाकण लावा, मुलाच्या समोर आणखी एक आत टाका आणि विचारा, आता सहा झाले की सात? पाच-सहा बरोबर देणारी बरीच मुलं इथे अंदाजाने उत्तर देतात. एक वाढला म्हणजे ओळीतला बरोबर पुढचाच आकडा, हे कळायला आणखी वेळ लागतो, आणि बेरीज त्यानंतर येते. उत्तर चुकलं तर झाकण काढून मोजू द्या, आणि मग डब्यात तीन ठेवून हाच खेळ परत खेळा.