Sig. लहान म्हणजे नातं घट्ट? नाही ओ

"सर, Sig. .003 आलंय, म्हणजे रिलेशन एकदम स्ट्राँग लिहू ना?"

नका लिहू. SPSS च्या आउटपुटमधलं Sig., म्हणजे p-value, एवढंच सांगतं की खरं नातं शून्य असतं तर इतका किंवा याहून मोठा r, म्हणजे सहसंबंध गुणांक, नुसत्या योगायोगाने येणं किती दुर्मिळ, घट्टपणा बघायचा तर r बघा.

समजा सोलापुरातल्या 400 पॉवरलूम कामगारांचा सरावाचा डेटा आहे, अनुभवाची वर्षं आणि शिफ्टमागे निघणारे टॉवेल. r आला .15, Sig. .003. आता हाच .15 फक्त 30 जणांत आला असता तर Sig. .43 च्या आसपास गेलं असतं, नातं तेवढंच, माणसं कमी एवढंच काय ते! आणि .15 चा वर्ग केला की R Square जेमतेम .02.

मग रिग्रेशनमधला उतार B जर 0.4 असेल तर सरळ लिहायचं: "एक वर्ष जास्त अनुभव असलेल्या कामगाराचे शिफ्टमागे सरासरी 0.4 टॉवेल जास्त निघतात. नातं सिग्निफिकंट पण कमजोर आहे, टॉवेलच्या संख्येतल्या फरकापैकी साधारण 2 टक्केच अनुभवाशी जोडता येतो." 'अनुभवामुळे वाढतात' मात्र लिहू नका, जुन्या माणसांना चांगले माग मिळत असतील तर काय करणार?

आणि Sig. .000 दिसलं तर ते शून्य नसतं, p < .001 लिहा.