फोटोतला गुरू कसा ओळखायचा? तेजावरून नव्हे, जागेवरून

२०२५च्या जानेवारीच्या अखेरीस साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात, संध्याकाळी साडेसातनंतर, मोबाइल दगडाला टेकवून काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. आग्नेयेचं आकाश त्यात उभं मावलंय. दोन ठिपके ठळक आहेत: एक खाली क्षितिजाच्या बाजूला, दुसरा अगदी वर. दोन्ही पांढरे, दोन्ही सारखेच फुगलेले. यातला व्याध कोणता आणि गुरू कोणता, हे नुसत्या तेजावरून सांगता येत नाही.

आपल्याकडे याचं उत्तर गोष्टीतच सांगून ठेवलंय. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, म्हणजे त्रिकांड, व्याधाने सोडलेला आहे. बाणाची रेघ मागे खाली वाढवली की व्याध सापडतो, पुढे वर वाढवली की रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. माझ्या फोटोत त्रिकांडाची लांबी मोजपट्टी म्हणून धरली, तर मधल्या ताऱ्यापासून व्याध साधारण आठ पट्ट्या खाली येतो आणि रोहिणी जवळपास तितकीच वर. खालचा ठिपका बरोबर तिथेच आहे, म्हणून तो व्याध. वरचा ठिपका मात्र रोहिणीच्या जागेवर नाही, तिच्यापासून दोनेक पट्ट्या डावीकडे वर आहे. तिथे ठळक तारा असायलाच नको. तो गुरू.

तेजाची मोजणी तशी फार जुनी. ग्रीक ज्योतिषांनी डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांच्या सहा प्रती पाडल्या. पहिली सर्वांत तेजस्वी, सहावी जेमतेम दिसणारी. १८५६ साली नॉर्मन पॉगसनने त्याला गणिताची शिस्त लावली: पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज. हाच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या हिशेबाने त्या रात्रीचा गुरू रोहिणीच्या वीसपटीहून अधिक तेजस्वी होता आणि व्याधाच्या साधारण अडीचपट.

हा हिशेब फोटोत मोडला, आणि तोही मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशालाच जागायच्या, तांबड्याला जवळपास आंधळ्या. मृगातली तांबूस काक्षी डोळ्यांना त्रिकांडाच्या तिन्ही ताऱ्यांहून ठळक दिसते. तशा प्लेटवर ती त्यांच्याहूनही फिकी उमटते. म्हणून फोटोवरून मोजलेली प्रत आणि डोळ्यांनी ठरवलेली प्रत वेगळ्या लिहाव्या लागल्या. आजच्या कॅमेऱ्याला सगळे रंग दिसतात, पण त्याची खोड निराळी. ठरावीक प्रकाशानंतर सेन्सर भरून जातो आणि त्यापुढचं सगळं नुसतं पांढरं. हे झालंय का ते पाहायला फोटो मोठा करा: ठिपक्याचा मध्य कोरा पांढरा आणि रंग फक्त कडेला असेल, तर त्याच्या तेजावर भिस्त ठेवू नका.

जागा मात्र प्लेटवरही जशीच्या तशी राहिली. १८८२च्या मोठ्या धूमकेतूचे फोटो दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेत डेव्हिड गिलने काढले, तेव्हा धूमकेतूमागे इतके तारे उमटले की ताऱ्यांची यादी फोटोवरूनच करावी असं त्याला वाटलं. त्या कामासाठी काढलेल्या प्लेटा हॉलंडमध्ये याकोबुस काप्टाइनने वर्षानुवर्षं मोजल्या आणि साडेचार लाखांवर ताऱ्यांची यादी झाली. १८८७ साली पॅरिसमध्ये साऱ्या आकाशाचे फोटो वाटून घ्यायचं ठरलं. त्यातला एक पट्टा पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. रीत सगळीकडे एकच: प्लेटवरच्या ओळखीच्या ताऱ्यांपासून अनोळखी ताऱ्याचं अंतर मोजायचं.

nova.astrometry.net वर फोटो चढवला की आज तेच काम यंत्र करतं. ते चार ताऱ्यांचा गट घेतं. सर्वांत लांबच्या दोघांना टोकं मानून उरलेल्या दोघांची जागा आकड्यांत लिहितं आणि तसाच गट आधीच बनवलेल्या सूचीत शोधतं. फोटो फिरवला, लहानमोठा केला तरी ते आकडे बदलत नाहीत. तेजाचा उपयोग एवढाच, की आधी कोणते तारे घ्यायचे ते ठरतं.

पण त्या सूचीत तारेच असतात, ग्रह नसतात. यंत्राने रोहिणी जुळवली, तरी शेजारचा ठिपका कोण हे त्या जुळणीतून कळत नाही. तिथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, तो ठिपका सूर्याच्या वाटेवर, म्हणजे कृत्तिका, रोहिणी, पुनर्वसू यांच्या आसपासच्या पट्ट्यात आहे का. ग्रह त्या पट्ट्याबाहेर फारसे जात नाहीत. दोन, फोटोची तारीख. तारीख नसेल तर ‘हा ग्रह आहे’ एवढं म्हणता येतं, कोणता ते ठामपणे नाही. मंगळ आणि शनीही याच वाटेने जातात.

२०२६च्या जानेवारीत त्याच घाटातून तेच आकाश टिपलं असतं, तर त्रिकांड, व्याध, रोहिणी जागच्या जागी मिळाली असती. रोहिणीशेजारची जागा रिकामी असती आणि गुरू पुनर्वसूच्या जोडीजवळ सरकलेला.