पत्रात ‘आपण’ की ‘तुम्ही’?

बोलताना ‘तुम्ही’मध्ये पुरेसा मान असतो. सोलापुरात कारखान्याच्या मालकालाही समोरासमोर ‘तुम्ही’च म्हणतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. पत्रात मात्र वरिष्ठ आणि ग्राहक यांच्यासाठी ‘आपण’ रूढ आहे. अडचण अशी की ‘आपण’चे अर्थ दोन: समोरची व्यक्ती, किंवा ती आणि मी मिळून. ‘तुम्ही’ला हा दुहेरीपणा नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून पुण्याच्या व्यापाऱ्याला असं पत्र गेलं, असं समजा: ‘आपण १२ तारखेला दर ठरवले. आपला माल आपल्या गोदामात तयार आहे. आम्ही आपला ट्रक पाठवत आहोत.’ दर व्यापाऱ्याने ठरवले की दोघांनी मिळून? गोदाम सोलापूरचं की पुण्याचं? तिसरं वाक्य तर फारच घातक, कारण ‘आम्ही आपला’ म्हटलं की सरळ अर्थ ‘स्वतःचा’ असा लागतो, आणि भाड्याचा वाद तिथूनच सुरू होतो.

दुरुस्ती क्रियापदातून होते. ‘आपण दर ठरवलेत’ यातला शेवटचा ‘त’ समोरच्याकडेच बोट दाखवतो. दोघांनी ठरवले असतील, तर ‘आपल्या दोघांच्या चर्चेत दर ठरले’ असं लिहावं. भविष्यकाळातही तसंच: ‘आपण शुक्रवारी भेटाल’ म्हणजे समोरचे, ‘भेटू’ म्हणजे दोघे. मालकी सांगताना स्वतःसाठी नेहमी ‘आमचा’ वापरावा. म्हणजे ते पत्र असं होईल: ‘आपण १२ तारखेला दर ठरवलेत. ऑर्डरचा माल आमच्या गोदामात तयार आहे. आमचा ट्रक सोमवारी निघेल.’

वरिष्ठांना लिहिताना बऱ्याचदा सर्वनामाची गरजच नसते. ‘दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती’ यात ‘करावी’ने मान आपोआप येतो. ‘आपण रजा मंजूर करा’ हे ‘आपण’ असूनही हुकूम दिल्यासारखं वाटतं. आदर सर्वनामापेक्षा क्रियापदात जास्त असतो, हे इथे नेमकं कळतं.

सहकाऱ्याला उलट करावं. शेजारच्या विभागातल्या माणसाला ‘नमुने पाठवावेत’ लिहिलं की नोटीस बजावल्यासारखं होतं. ‘शुक्रवारपर्यंत नमुने पाठवा, म्हणजे पॅकिंग सोमवारी लावता येईल’ हे ‘तुम्ही’च्या रीतीतलं वाक्य त्याला जवळचं वाटेल. मात्र त्याच पत्राची प्रत साहेबांना जाणार असेल, तर ‘पाठवावेत’ ठेवणंच बरं.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सरमिसळ. ‘महोदय’ने सुरुवात, मध्येच ‘तुमचं बिल’, शेवटी ‘आपला विश्वासू’. जुन्या पत्रातला मजकूर चिकटवला की हे होतं. सही करण्याआधी पत्रातले ‘तुम्ही’, ‘तुमचा’, ‘तुम्हाला’ एवढेच शब्द शोधावेत. मग प्रत्येक ‘आपला’वर थांबून ‘कुणाचा?’ असं विचारावं. उत्तर लगेच आलं नाही, तर तिथे नाव किंवा ‘आमचा’ घालावा.